गाळ्यातला धंदा बदलताना: विमा कंपनीला लिहायचे जोखीमबदलाचे पत्र

आगीच्या विम्यात पत्ता, रक्कम आणि मुदत यांच्याइतकीच महत्त्वाची आणखी एक नोंद असते, ती म्हणजे त्या जागेत कोणता धंदा चालतो याची. विमा कंपन्यांच्या भाषेत तिला ‘ऑक्युपन्सी’ म्हणतात. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये ती एका ओळीत आटोपते: तयार कपड्यांचे दुकान, औषधांचे दुकान, धान्याचे गोदाम. प्रीमियमचा दर मुख्यतः याच ओळीवरून ठरतो, आणि कंपनीने जोखीम घेतलेली असते ती या ओळीत लिहिलेल्या धंद्याची. त्यामुळे त्याच गाळ्यात, त्याच मालकाने, त्याच पॉलिसीच्या मुदतीत कपडे काढून रसायने भरली, तर कंपनीच्या दृष्टीने ती जोखीम पूर्वीची राहत नाही. हा बदल कंपनीला कळवून नव्या अटी मागण्यासाठी जे पत्र लिहायचे, त्यात काय असावे, ते केव्हा जावे आणि त्यावर पुढे काय घडते, ते येथे क्रमाने दिले आहे.

पत्र कशासाठी

‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ या भारतात सर्वत्र रूढ असलेल्या पॉलिसीच्या सर्वसाधारण अटींपैकी तिसरी अट याच प्रसंगासाठी आहे. जागेतला व्यापार किंवा उत्पादन बदलले, अथवा इमारतीच्या वापरात असा बदल झाला की ज्याने विमा घेतलेल्या संकटांची शक्यता वाढते, तर बाधित मालमत्तेपुरता विमा लागू राहत नाही, असे ही अट सांगते. अपवाद एकच: नुकसान होण्यापूर्वी विमाधारकाने कंपनीची संमती मिळवलेली असली पाहिजे आणि ती संमती पॉलिसीवरील एन्डॉर्समेंटने, म्हणजे पॉलिसीला जोडलेल्या लेखी दुरुस्तीने, नोंदलेली असली पाहिजे.

या अटीत दोन गोष्टी दडलेल्या आहेत आणि बहुतेक घोटाळे त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याने होतात. पहिली म्हणजे, विमा थांबायला कंपनीने काही करावे लागत नाही. नोटीस नाही, फोन नाही. बदल झाला की संरक्षण आपोआप गळते. दुसरी म्हणजे, नुसते कळवून भागत नाही. कळवणे हे विमाधारकाचे काम, संमती देणे हे कंपनीचे. पत्रावर आवक-शिक्का मारून घेतला, तरी त्या शिक्क्याने संमती मिळत नाही. पत्र पोचले एवढेच सिद्ध होते.

1 एप्रिल 2021 पासून एका ठिकाणी पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असलेल्या लहान व्यावसायिकांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. तिची भाषा सोपी आहे आणि अटींची मांडणीही वेगळी. त्यामुळे पत्र लिहिण्यापूर्वी आपल्या हातातली पॉलिसी उघडून बदल कळवण्याविषयीचे कलम नेमके काय म्हणते ते वाचावे लागते. पत्राचा मार्ग मात्र दोन्हीकडे एकच आहे.

विमा कायद्याचे कलम 64 व्हीबी यात आणखी एक पायरी घालते. प्रीमियम आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम पत्करता येत नाही. म्हणून कंपनीने दर कळवला आणि व्यापाऱ्याने ‘चालेल’ म्हटले, तरी फरकाची रक्कम जमा होईपर्यंत वाढीव जोखीम कंपनीवर येत नाही. पत्र, पाहणी, दर, पैसे, एन्डॉर्समेंट आणि मग मालाची आवक, असा हा क्रम आहे. पहिला ड्रम गाळ्यात उतरण्यापूर्वी तो पूर्ण व्हायला हवा.

जोखीम नेमकी कशाने बदलते

कपड्यांच्या दुकानात जळण्याजोगे पुष्कळ असते, पण ते आपणहून पेट घेत नाही. शॉर्टसर्किट होते, गठ्ठा धुमसतो, धूर दिसतो, पाणी मारले की आग विझते आणि काही माल पाण्याने खराब झाला तरी उरतो. विमा कंपनीला अशा आगीचा अंदाज असतो.

रसायनांचे तसे नसते, कारण ‘रसायने’ हा एक माल नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे बाजारातले आयपीए, याचा फ्लॅश पॉइंट सुमारे 12 अंश सेल्सिअस आहे. द्रवातून इतकी वाफ निघू लागते की ठिणगी मिळताच ती पेटते, ते तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. नवी मुंबईत हिवाळ्यातल्या पहाटेही पारा सहसा 12 च्या वर असतो. म्हणजे झाकण उघडे राहिलेला ड्रम वर्षभर केव्हाही धोक्याचा. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत पसरते आणि शटरखालून शेजारच्या गाळ्यातल्या स्विचपर्यंत पोचू शकते. आग लागलीच तर साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही, त्यासाठी अल्कोहोलला दाद न देणारा वेगळा फोम लागतो.

कॉस्टिक सोडा पेटत नाही. पण पाण्याशी संबंध आला की तो तापतो, आणि ॲल्युमिनियमच्या रॅकवर सांडून ओलावला तर हायड्रोजन वायू तयार होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडही स्वतः जळत नाही. ते ऑक्सिजन पुरवून शेजारच्या वस्तूची आग भडकवते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायपोक्लोराइट यांचे कॅन शेजारीशेजारी फुटले तर क्लोरीन वायू सुटतो. थोडक्यात, रसायनांच्या साठ्यात एकेका मालापेक्षा कोणता माल कोणाशेजारी ठेवला आहे यावर धोका ठरतो. पत्रात ‘रसायने’ एवढेच लिहिले तर कंपनीला यातले काहीच कळत नाही. आणि जे कळले नाही त्याला तिने संमती दिली, असे नंतर म्हणता येत नाही.

तुर्भ्याचा एक नमुना

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या टीटीसी औद्योगिक क्षेत्रात, रबाळे-महापे-पावणे-तुर्भे भागात, कारखान्यांना धुलाईची, जलशुद्धीकरणाची आणि यंत्रे पुसण्याची रसायने रोज लागतात. त्यामुळे जवळपासच्या बाजारपेठेतला एखादा गाळेवाला कपड्यांकडून या व्यापाराकडे वळावा, हे स्वाभाविक आहे. समजा, तुर्भ्यात तळमजल्यावर 600 चौरस फुटांचा असा एक गाळा आहे. वरच्या मजल्यांवर कार्यालये आहेत. पॉलिसी 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या मुदतीची आहे. विम्याची रक्कम 40 लाख: 35 लाखांचे कपडे आणि 5 लाखांचे फर्निचर व फिटिंग. मालकाला ऑगस्टअखेर कपड्यांचा साठा संपवून 1 ऑक्टोबरपासून रसायने ठेवायची आहेत. नवा साठा जास्तीत जास्त 10 लाखांचा असेल.

येथे मालकाची पहिली समजूत अशी असते की माल 35 लाखांवरून 10 लाखांवर आला, म्हणजे पॉलिसी पुरून उरेल. विम्याची रक्कम पुरेशी असणे आणि विमा लागू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठ्याची किंमत कमी झाली तरी तो पेटण्याची आणि पेटल्यावर सर्वस्व जाण्याची शक्यता वाढली आहे, आणि अट बोलते ती या शक्यतेबद्दल.

परवाने आधी

विमा कंपनीला पत्र लिहिण्यापूर्वी हा साठा त्या जागेत कायद्याने ठेवता येतो का, हे पाहावे लागते. महापालिका कायद्याच्या कलम 376 खाली धोकादायक वस्तू साठवण्यासाठी परवाना लागतो. सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या गाळ्याच्या करारात कोणत्या वापराला मुभा आहे, हेही तपासावे लागते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचे असते. आम्लाच्या किरकोळ विक्रीवर 2013 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर परवाना आणि नोंदवहीची बंधने कडक झाली आहेत.

थिनर, टोल्यूइन यांसारखे हायड्रोकार्बन असलेले ज्वलनशील द्रव पेट्रोलियम कायदा, 1934 च्या कक्षेत येतात. ज्यांचा फ्लॅश पॉइंट 23 अंशांखाली आहे ते ‘अ’ वर्गात मोडतात. टोल्यूइन त्यातच येते, कारण त्याचा फ्लॅश पॉइंट 4 अंशांच्या आसपास आहे. या वर्गातला माल विक्रीसाठी ठेवायचा तर ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचा परवाना लागतो. या संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे आणि पश्चिम विभागाचे कार्यालय सीबीडी बेलापूरला. वर कार्यालये असलेल्या गाळ्याला हा परवाना मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. म्हणून नमुन्यातल्या मालकाने थिनर आणि टोल्यूइन यादीतून वगळले आणि पत्रात तसे स्पष्ट लिहिले. काय ठेवणार नाही हे लिहिल्याने अंडररायटरचा निर्णय सोपा होतो.

पत्राचा मसुदा

पत्र शाखेच्या नावाने लिहावे; एजंटकडे दिले तरी मूळ पत्त्यावर कंपनीच असावी. एजंटला तोंडी सांगितले किंवा त्याच्या व्हॉट्सॲपवर टाकले, तर ते कंपनीपर्यंत पोचले हे सिद्ध करणे पुढे जड जाते. मजकूर साधारण असा:

“प्रति,
शाखा व्यवस्थापक, आग विमा विभाग

विषय: पॉलिसीच्या मुदतीत धंद्याच्या स्वरूपात होणारा बदल, सुधारित अटी व दर मिळण्याबाबत

संदर्भ: पॉलिसी क्रमांक …, मुदत 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026, जागा: तुर्भे, नवी मुंबई येथील गाळा क्रमांक …

महोदय,

वरील पॉलिसीत आमच्या गाळ्याची नोंद ‘तयार कपड्यांचे दुकान’ अशी आहे. दिनांक 1 ऑक्टोबर 2025 पासून या जागेत कपड्यांचा व्यापार बंद करून औद्योगिक स्वच्छता व जलशुद्धीकरणाच्या रसायनांचा साठा आणि घाऊक विक्री करण्याचा आमचा विचार आहे. या बदलाने जोखीम वाढते याची आम्हाला जाणीव आहे. आपली लेखी संमती एन्डॉर्समेंटद्वारे मिळेपर्यंत कोणतेही रसायन जागेत आणले जाणार नाही.

कोणत्याही एका वेळी असणारा जास्तीत जास्त साठा पुढीलप्रमाणे राहील:
कॉस्टिक सोडा फ्लेक्स, 25 किलोच्या 400 गोण्या;
हायड्रोजन पेरॉक्साइड 50 टक्के, 30 किलोचे 100 कॅन;
हायड्रोक्लोरिक आम्ल, 50 लिटरचे 20 कॅन;
सोडियम हायपोक्लोराइट, 50 लिटरचे 20 कॅन;
आयसोप्रोपिल अल्कोहोल, फ्लॅश पॉइंट 12 अंश सेल्सिअस, 160 किलोचे 10 सीलबंद ड्रम.

थिनर, टोल्यूइन अथवा पेट्रोलियम कायद्याच्या ‘अ’ वर्गातील कोणताही द्रव ठेवला जाणार नाही. जागेत माल ओतणे, मिसळणे किंवा सुटा भरून देणे होणार नाही. सर्व विक्री मूळ सीलबंद पॅकिंगमध्येच होईल.

इमारत आरसीसी असून तळमजला अधिक तीन मजले आहे. दोन्ही बाजूंच्या गाळ्यांत अनुक्रमे स्टेशनरी व विद्युत उपकरणांचा व्यापार आहे. वरच्या मजल्यांवर कार्यालये आहेत. अग्निशमन साधनांची यादी, गाळ्याचा आराखडा आणि प्रत्येक मालाची जागा सोबत जोडली आहे.

साठ्यावरील विम्याची रक्कम 35 लाखांवरून 10 लाख रुपये करावी. फर्निचर व फिटिंगची 5 लाख रुपये कायम ठेवावी. नैसर्गिक उष्णता वाढून अथवा आपोआप पेटून होणारे नुकसान समाविष्ट आहे की नाही ते स्पष्ट करावे. नसल्यास त्याचा वेगळा दर कळवावा. राडारोडा हटवण्याच्या खर्चाची वाढीव मर्यादाही कळवावी.

साठा बँकेकडे तारण असून बँकेस या पत्राची प्रत दिली आहे. जागेची पाहणी करून सुधारित दर, अटी आणि भरावयाची फरकाची रक्कम लेखी कळवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
…”

पत्रासोबत प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे एसडीएस, जोडायचे असते. ते पुरवठादाराकडून मिळते. फ्लॅश पॉइंट, कोणत्या पदार्थापासून दूर ठेवावे आणि आग विझवायला काय वापरावे, हे सगळे त्यात असते. अंडररायटर हीच पाने आधी उघडतो, कारण मालाचे बाजारातले नाव पाहून त्याला जोखीम ठरवता येत नाही.

साठ्याचे आकडे ‘सरासरी’ न देता ‘जास्तीत जास्त’ द्यायचे, हा मसुद्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील आहे. सहा ड्रम असतात म्हणून सहा लिहिले आणि आगीच्या दिवशी नऊ निघाले, तर संमती सहाचीच होती असा मुद्दा उभा राहतो. राडारोड्याची ओळही शोभेची नाही. मूळ संरक्षणात हा खर्च दाव्याच्या एक-दोन टक्क्यांपुरताच धरलेला असतो. कपड्यांची राख ट्रकमध्ये भरून नेता येते. रसायने मिसळलेला चिखल मात्र घातक कचरा ठरतो आणि तो तळोजासारख्या ठिकाणच्या प्रक्रिया केंद्रात पैसे भरून पाठवावा लागतो.

पाहणी आणि अटी

पत्र मिळाल्यावर कंपनी आपला अभियंता किंवा सर्व्हेअर पाठवते. तो विजेचा मुख्य बोर्ड कुठे आहे, शटर एकच आहे की मागे दुसरी वाट आहे, जमिनीला उतार कुठल्या बाजूला आहे आणि गटार कुठे उघडते, हे पाहतो. सांडलेला द्रव कुठे जाईल, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

नमुन्यातल्या आराखड्यात पेरॉक्साइडचे कॅन आणि आयपीएचे ड्रम एकाच भिंतीला दाखवले होते. एक आग भडकवणारा आणि दुसरा पेटणारा, असे दोन माल शेजारी ठेवू नयेत, असा शेरा अभियंत्याने मारला. आम्ल आणि हायपो यांच्यातही भिंत मागितली. 600 चौरस फुटांत तीन कोपरे तिघांना देऊन मध्ये कॉस्टिक ठेवले, तरी आयपीए बसेना. कारण उरलेली जागा विजेच्या बोर्डाखालची होती. शेवटी कंपनीने आयपीए दहा ड्रमऐवजी दोन ड्रमपर्यंतच मान्य केले, तेही जमिनीवर उंबरा घातलेल्या वेगळ्या कप्प्यात, आणि बाकीसाठी औद्योगिक क्षेत्रातले गोदाम वापरावे असे सुचवले. हे उत्तर येईपर्यंत पहिला माल आला नव्हता, म्हणूनच मालकाला निवड करता आली.

अशा अटी एन्डॉर्समेंटमध्ये ‘वॉरंटी’ म्हणून येतात: माल सुटा ओतायचा नाही, जागेत वेल्डिंग करायचे नाही, विशिष्ट प्रकारची अग्निशामक साधने ठेवायची. ‘वॉरंटी’ शब्दाचा विम्यातला अर्थ मिक्सरच्या वॉरंटीसारखा नाही. तो विमाधारकाने दिलेला शब्द असतो आणि तो मोडला तर दावा अडचणीत येतो. म्हणून जी अट रोजच्या कामात पाळता येणार नाही, ती मान्य करण्यापूर्वीच बदलून मागावी.

फरकाचा हिशेब

जुन्या अखिल भारतीय फायर टॅरिफमध्ये साठवणुकीचा माल बिनधोक्याचा आणि धोकादायक, आणि धोकादायकातही तीन वर्गांत विभागला होता. 1 जानेवारी 2007 पासून दर खुले झाले. आता प्रत्येक कंपनी आपला दर ठरवते. त्यामुळे खालचे दर फक्त हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत.

कपड्यांच्या दुकानाला हजारी 1 रुपया दर धरला, तर 40 लाखांवर वर्षाचा प्रीमियम 4,000 रुपये होतो. रसायनांसाठी हजारी 5 रुपये धरले, तर 15 लाखांवर 7,500 रुपये. येथे फर्निचरचे 5 लाखही नव्या दराने मोजले आहेत, कारण कपाट लाकडाचेच असले तरी ते आता रसायनांच्या शेजारी उभे आहे. वर्षाचा फरक 3,500 रुपये. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च हे 182 दिवस. म्हणून 3,500 ला 182 ने गुणून 365 ने भागले की 1,745 रुपये येतात. त्यावर 18 टक्के जीएसटी 314 रुपये. एकूण भरायची रक्कम सुमारे 2,059 रुपये.

येथे विम्याची रक्कम कमी होऊनही प्रीमियम वाढला. रक्कम मात्र फार आखडू नये. आगीच्या दिवशी साठा विम्याच्या रकमेपेक्षा जास्त किमतीचा निघाला तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. त्यापलीकडे कपात होते.

एन्डॉर्समेंट कसे तपासावे

कागद हाती आला की पाच ओळी पाहाव्यात: धंद्याचे वर्णन बदलले आहे का, मालाची नावे आणि मर्यादा पत्राशी जुळतात का, लागू होण्याची तारीख कोणती, कोणत्या वॉरंट्या जोडल्या, बँकेचे नाव कायम आहे का. नेहमी सापडणारी चूक अशी की फरकाची रक्कम घेतली जाते, विम्याची रक्कम बदलते, पण ऑक्युपन्सीच्या ओळीत ‘तयार कपडे’ तसेच राहते. असे दिसले तर त्याच दिवशी लेखी दुरुस्ती मागावी.

बँक, शेजारी आणि सोसायटी

साठा तारण असेल तर पॉलिसीला ‘ॲग्रीड बँक क्लॉज’ जोडलेला असतो. त्याची रचना व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखी आहे. कर्जदाराने बँकेला न कळवता जोखीम वाढवली, तरी बँकेच्या हिश्शापुरता विमा थांबत नाही. मात्र बँकेला बदल कळला की तिने कंपनीला सांगावे आणि मागितल्यास वाढीव प्रीमियम भरावा, असे त्यात म्हटले आहे. यातून ‘बँकेला पैसे मिळतील म्हणजे आपण सुटलो’ असा अर्थ काढला जातो. तो चुकीचा आहे. कंपनी बँकेला पैसे देते, आणि कर्जदाराबाबत आपली जबाबदारी नव्हती असे म्हणत बँकेचे हक्क आपल्याकडे घेऊन कर्जदाराकडून वसुलीला उभी राहते.

इमारतीचा विमा सोसायटीने किंवा गाळामालकाने वेगळा घेतला असेल, तर त्या पॉलिसीलाही हाच बदल लागू पडतो, कारण अट इमारतीच्या परिस्थितीबद्दलही बोलते. म्हणून पत्राची एक प्रत सोसायटीला आणि भाड्याचा गाळा असेल तर मालकालाही द्यावी.

नकार आणि वाद

कंपनीवर संमती देण्याची सक्ती नाही. ती दर वाढवू शकते, काही माल वगळू शकते किंवा जोखीम नाकारून, पॉलिसीतली अट मुभा देत असेल तर, नोटीस देऊन पॉलिसी संपवू शकते. जनरल ॲश्युरन्स सोसायटी विरुद्ध चंदूमल जैन या 1966 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पॉलिसीतल्या अटीनुसार विमा रद्द करण्याचा कंपनीचा अधिकार मान्य केला होता. तेथे गंगाकाठच्या घरांना नदीच्या कातरण्याचा धोका होता. नकार मिळाला तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम परत मिळतो. मग दुसऱ्या कंपनीकडे जाताना प्रस्तावपत्रात हा नकार लपवू नये. तिथे तो प्रश्न विचारलेला असतो.

‘कंपनीचा माणूस येऊन बघून गेला होता’ हा बचाव अनेकदा केला जातो. 2022 मध्ये टेक्सको मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी या प्रकरणात तळघरातल्या दुकानाचा विमा होता, तर पॉलिसीत तळघर वगळलेले होते. कंपनीने आधी जागा पाहिलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने विमाधारकाच्या बाजूने निकाल दिला. तेथे दुकान पहिल्या दिवसापासून तळघरातच होते आणि कंपनीला ते माहीत होते. पॉलिसी घेतल्यानंतर विमाधारकाने स्वतः केलेल्या बदलाला हा निकाल आपोआप लागू होत नाही.

आग लागल्यानंतर

दाव्याच्या वेळी सर्व्हेअर जळालेल्या गाळ्याआधी कागद मागतो: खरेदीची बिले, ई-वे बिले, जीएसटी विवरणपत्रे, हिशेबाच्या संगणकातली साठ्याची यादी. जीएसटी नोंदणीत मालाचा नवा प्रकार टाकला म्हणजे सगळ्यांना कळले, अशी समजूत असते. विमा कंपनी ती नोंदणी रोज पाहत नाही, पण दाव्याच्या दिवशी नक्की पाहते. रसायनाच्या पहिल्या बिलाची तारीख आणि एन्डॉर्समेंट लागू झाल्याची तारीख यांतले अंतर तिथे काही मिनिटांत उघड होते. नमुन्यातल्या गाळ्यात एन्डॉर्समेंट 1 ऑक्टोबरचे आणि पहिले बिल त्यानंतरचे असेल, तर चर्चा फक्त नुकसानीच्या रकमेची राहते.

हीच गोष्ट नूतनीकरणालाही लागू आहे. मार्चअखेर नूतनीकरणाच्या फॉर्ममध्ये ‘बदल नाही’ या चौकोनात खूण करण्यापूर्वी त्या दिवशीचा साठा पत्रातल्या यादीशी ताडून पाहावा लागतो. यादीत नसलेले एखादे रसायन आले, मर्यादा वाढली, माल सुटा भरून द्यायला सुरुवात झाली किंवा शेजारच्या गाळ्यातही साठा पसरला, तर तो पुन्हा जोखमीतला बदल ठरतो आणि त्यासाठी नवे पत्र लागते.